आधी क्रियापद, मग आकडा

जुलैची पहिली तारीख होती. सकाळी साडेसातला अण्णांचा फोन आला. आवाजात काळजी नव्हती, तक्रार होती.

"बँकेनं उलटं लिहिलंय बघ. व्याज आलं तर क्रेडिट म्हणतात आणि पैसे काढले की डेबिट. मी चाळीस वर्षं बँकेत भरणा केला की बँकेच्या नावे टाकत आलोय. नावे म्हणजे डेबिट. मग पैसे वाढले की डेबिट व्हायला नको का?"

अण्णा बार्शीच्या एका आडत दुकानात दिवाणजी होते. आता त्यांचं वय ७६. रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्यात हयात गेली. गेल्या वर्षी मी त्यांना नवा मोबाइल दिला आणि तेव्हापासून बँकेचे मेसेज थेट त्यांच्या हातात पडू लागले. इतरांच्या वडिलांना इंग्रजी अडतं. अण्णांना त्यांचं स्वतःचं हिशेबाचं ज्ञान आडवं आलं होतं. मला वाटलं, हाच धागा धरून समजावावं.

"अण्णा, दुकानात तुम्ही कुणाची खाती लिहायचात?"

"शेतकऱ्यांची. गावोगावची."

"एखाद्या शेतकऱ्यानं दोन हजार तुमच्याकडे ठेवायला दिले, तर त्याच्या पानावर काय लिहायचात?"

"जमा." लगेच उत्तर आलं. "आणि तो ते घेऊन गेला की नावे."

"आता बँक म्हणजे ते आडत दुकान. आणि शेतकरी तुम्ही."

फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग ते हसले. "म्हणजे हे माझ्या वहीतलं नाही. त्यांच्या वहीतलं माझं पान आहे."

बँकेच्या मेसेजबद्दल एवढं एक कळलं की अर्धं काम झालं. मेसेज म्हणजे बँकेच्या खतावणीतल्या आपल्या पानावरची एक ओळ. लिहिणारी बँक. आपण ठेवलेले पैसे हे तिच्या दृष्टीनं आपलं देणं, म्हणून ते 'जमा', म्हणजे क्रेडिट. आपण काढले, कुणाला पाठवले, बिल भरलं की ते आपल्या 'नावे', म्हणजे डेबिट. पासबुकातही हेच दोन रकाने असतात आणि तिसरा शिल्लकेचा. ज्यांनी कधी वही लिहिली नाही, त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: क्रेडिट म्हणजे आले, डेबिट म्हणजे गेले.

त्या सकाळचा मेसेज साधारण असा होता. प्रत्येक बँकेची शब्दरचना थोडी वेगळी असते, पण सांगाडा हाच.

```
A/c XX4417 credited by Rs.20500.00 on 01Jul.
Avl Bal Rs.38140.00
```

XX च्या पुढचे चार आकडे म्हणजे खाते क्रमांकाचा शेवट. अण्णांची दोन खाती आहेत, म्हणून आधी ते पाहायचे. रक्कम २०,५०० रुपये, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं तिमाही व्याज. दहा लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाचे ८२,००० होतात आणि त्याचा चौथा हिस्सा हा. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो येतो, हे माहीत असलं की मेसेज अनोळखी वाटत नाही. शेवटचा Avl Bal म्हणजे अव्हेलेबल बॅलन्स. याला मी फोनवर 'शिल्लक' म्हटलं आणि ती माझी चूक होती. तिची किंमत आठ दिवसांनी कळली.

तीन तारखेला अण्णांनी एटीएममधून पाच हजार काढले. चार तारखेला वीजबिलाचे ८६४ गेले. दोन्ही मेसेजमध्ये debited हा शब्द होता. शिल्लक आधी ३३,१४० आणि मग ३२,२७६ झाली. अण्णांनी एक जुनी वही काढून त्यात चार रकाने पाडले: तारीख, जमा, नावे, शिल्लक. मागची शिल्लक घ्यायची, नावे वजा करायचं, जमा मिळवायचं आणि मेसेजमधल्या आकड्याशी जुळवायचं. जुळलं की बरोबरची खूण.

वीजबिलाच्या मेसेजात आणखी एक लांबलचक आकडा होता. Ref No म्हणून बारा अंक. तो काय करायचा, असं अण्णांनी विचारलं. यूपीआयनं पैसे गेले की प्रत्येक व्यवहाराला असा क्रमांक मिळतो. एरवी त्याचं काही काम नसतं. पण पैसे गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर बँकेत रक्कम आणि वेळ सांगण्यापेक्षा हा क्रमांक सांगितला की व्यवहार लगेच सापडतो. म्हणून मेसेज पुसायचे नाहीत.

अशा अडकलेल्या व्यवहारात अनेकदा डेबिटच्या मागोमाग तेवढ्याच रकमेचा क्रेडिटचा मेसेज येतो. त्यात reversal असा शब्द असतो. म्हणजे बँकेनं आपली ओळ स्वतःच फिरवली. एटीएममधून नोटा बाहेर आल्या नाहीत आणि खात्यातून मात्र पैसे वळते झाले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार पाच दिवसांच्या आत ते परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. म्हणून असं झाल्यावर एटीएमसमोर घाबरून जायचं नाही. मेसेज जपायचा, बँकेला कळवायचं आणि वहीत पाच दिवसांपुढच्या तारखेवर खूण करायची.

पाच तारखेला शनिवार होता. दुपारी अण्णांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज खरंच कापत होता.

"माझ्या खात्यातून दीड हजार गेले. मी कुठं काही केलं नाही."

मी मेसेज वाचून दाखवायला सांगितला. एकेक अक्षर लावत त्यांनी वाचला.

```
Rs.1499.00 will be debited from A/c XX4417
on 07Jul towards UPI AutoPay mandate.
```

"अण्णा, debited च्या आधी काय लिहिलंय?"

"विल बी."

"म्हणजे गेले नाहीत. सोमवारी जाणार आहेत. आणि शेवटी शिल्लक लिहिली आहे का?"

शिल्लक नव्हती. ओळ खतावणीत पडली की बँक नवी शिल्लक लिहिते. इथे अजून ओळच पडली नव्हती. ही आगाऊ सूचना होती. ज्यांना बँकेच्या इंग्रजीची धास्ती वाटते, त्यांना मी हेच सांगते: आकड्याकडे नंतर पाहा, आधी क्रियापद वाचा. वयस्कर माणसाची नजर मेसेजमध्ये पहिल्यांदा रुपयांवर जाते आणि तिथेच धस्स होतं. पण सगळा अर्थ क्रियापदाच्या काळात असतो. debited म्हणजे गेले. will be debited म्हणजे जाणार. blocked म्हणजे थांबवून ठेवले. requested म्हणजे कुणीतरी मागतंय, आणि द्यायचे की नाही हे अजून आपल्या हातात आहे.

मग मँडेट म्हणजे काय? अण्णांना मी जुनं उदाहरण दिलं. पेपरवाला दर महिन्याला बिल घेऊन दारात येतो, आपण पैसे देतो. त्याऐवजी आपण त्याला एकदाच लिहून दिलं की दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या दुकानातून परस्पर एवढे पैसे घेत जा, तर ते मँडेट. ती परवानगी आहे, व्यवहार नाही. एकदा दिली की ती रद्द करेपर्यंत किंवा तिची मुदत संपेपर्यंत चालते. यूपीआय ऑटोपेत परवानगी देताना एकदाच पिन टाकावा लागतो. पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या वसुलीला पुन्हा पिन लागत नाही. म्हणूनच 'मी काही केलं नाही' हे अण्णांचं म्हणणं खरं होतं आणि तरीही पैसे जाणार होते.

परवानगी दिली कुणी? नातू सुट्टीत आला होता. त्याला क्रिकेटचा सामना पाहायचा होता. एका ॲपनं 'फक्त एक रुपया' म्हणून सांगितलं. त्यानं अण्णांच्या फोनवरून एक रुपया भरला आणि अण्णांनी लाडानं पिन टाकून दिला. त्या एका रुपयासोबत दर वर्षी १,४९९ रुपये घेण्याची परवानगीही गेली. ते पडद्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, पण सामना सुरू व्हायला आला होता.

मी अण्णांना यूपीआयचं ॲप उघडायला सांगितलं. प्रत्येक ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा एक विभाग असतो, बहुतेक वेळा आपल्या फोटोवर बोट ठेवल्यावर येणाऱ्या यादीत. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात: कुणाला, किती रकमेची, कधीपर्यंत. त्यातली ही निवडून रद्द करायची. pause म्हणजे काही काळ थांबवणं आणि revoke किंवा cancel म्हणजे कायमची मोडणं. आम्ही कायमची मोडली. काही मिनिटांत मँडेट रद्द झाल्याचा मेसेज आला आणि सोमवारी पैसे गेले नाहीत. अशी सूचना वसुलीच्या किमान २४ तास आधी पाठवण्याचा नियम आहे, आणि तो याचसाठी आहे. ते २४ तास हातातून जाऊ द्यायचे नाहीत.

त्या दिवसानंतर अण्णांनी सगळीच मँडेटं मोडायचं ठरवलं. त्यांना थांबवावं लागलं. त्यांचा आरोग्य विम्याचा हप्ताही मँडेटनंच जातो. हे मँडेट यूपीआयचं नाही, थेट बँक खात्याचं आहे. त्याच्या मेसेजमध्ये NACH किंवा ACH असं लिहिलेलं असतं. कर्जाचे हप्ते, म्युच्युअल फंडाची एसआयपी आणि विम्याचे हप्ते बहुतेक याच वाटेनं जातात. हे यूपीआयच्या ॲपमध्ये दिसतीलच असं नाही. ते पाहायचे असतील तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत विचारायचं. इथली चूक उलट्या बाजूची असते. ठरलेल्या दिवशी खात्यात पुरेसे पैसे नसले तर वसुली परत जाते, बँक त्याचा दंड आकारते आणि हप्ता चुकल्यानं विमा धोक्यात येतो. म्हणून अशा मँडेटची सूचना आली की पाहायचं एकच: त्या तारखेला तेवढी शिल्लक असेल का?

तशीच आणखी एक छोटी वसुली असते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये मे-जूनच्या सुमारास आपोआप जातात. ही योजना वयाच्या सत्तरीपर्यंतच आहे. अण्णांच्या खात्यातून ते आता जात नाहीत, आईच्या खात्यातून जातात. वीस रुपयांसाठी आईनं दोन दिवस जेवण गोड लागू दिलं नव्हतं, ते आठवलं.

आता माझी ती चूक. नऊ तारखेला मी अण्णांच्या नावानं एका कंपनीच्या आयपीओसाठी अर्ज केला. त्यांच्या डीमॅट खात्यात थोडे शेअर आहेत. २६० रुपयांचे ५७ शेअर, म्हणजे १४,८२० रुपये. अण्णांनी फोनवर यूपीआयची विनंती मान्य करून पिन टाकला. थोड्याच वेळात मेसेज आला की १४,८२० रुपये blocked आणि Avl Bal १७,४५६ रुपये. अण्णांच्या वहीत शिल्लक ३२,२७६ होती. वही आणि मेसेज पहिल्यांदाच फुटले.

"डेबिट नाही लिहिलेलं," अण्णा म्हणाले. आता ते क्रियापद वाचायला शिकले होते. "मग शिल्लक कमी कशी?"

मी आधी नुसतं 'शिल्लक' म्हटलं होतं, ते इथे अडलं. खात्यात दोन आकडे असतात. एक खतावणीतली शिल्लक, आणि दुसरा त्यातले आज वापरता येणारे पैसे. अव्हेलेबल बॅलन्स म्हणजे हा दुसरा. आयपीओच्या अर्जातही मँडेटच असतं, पण ते एकाच वेळचं असतं आणि त्यात पैसे जात नाहीत. ते आपल्याच खात्यात बाजूला काढून ठेवले जातात. बचत खात्याचं व्याजही त्यावर सुरू राहतं. शेअर मिळाले तर ते डेबिट होतात, मिळाले नाहीत तर मोकळे होतात. अण्णांच्या भाषेत सांगायचं, तर गल्ल्यात पैसे आहेत, पण एका पुडीत बांधून वर चिठ्ठी लावली आहे: आयपीओसाठी, हात लावू नये.

आयपीओ लागला नाही. पंधरा तारखेला पैसे मोकळे झाले. अण्णा क्रेडिटच्या मेसेजची वाट पाहत बसले होते. तो आला नाही आणि येणारही नव्हता. जे गेलंच नाही, ते परत जमा कसं होणार? त्यांनी बँकेच्या ॲपमध्ये पाहिलं तेव्हा वापरता येणारी रक्कम पुन्हा ३२,२७६ दिसली. त्या दिवशी त्यांनी वहीत पाचवा रकाना पाडला आणि त्याला नाव दिलं 'बांधील'.

या वहीचा खरा उपयोग एका वेगळ्याच मेसेजच्या वेळी झाला. एका दहा आकडी मोबाइल नंबरवरून अण्णांना मेसेज आला की खात्यात १२,००० रुपये क्रेडिट झाले. पाठोपाठ फोन. एक बाई रडवेल्या आवाजात सांगत होती की मुलाच्या फीचे पैसे चुकून तुम्हाला आले, तेवढे परत पाठवा. पूर्वी अण्णांनी कदाचित पाठवले असते. पण त्यांनी मेसेजमध्ये शिल्लक शोधली. ती नव्हती. बँकेच्या ॲपमध्ये पाहिली. ती हलली नव्हती. "बाई, माझ्या पानावर जमा नाही," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कुणीही काहीही लिहून पाठवू शकतं. मेसेज म्हणजे पैसे नव्हेत. पैसे आले की नाही हे खातं सांगतं, मेसेज नाही. खऱ्या बँकेचा मेसेज मोबाइल नंबरवरून येत नाही. तो इंग्रजी अक्षरांच्या नावानं येतो, आणि मे २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं. T किंवा S असेल तर व्यवहाराचा किंवा सेवेचा मेसेज, G म्हणजे सरकारी आणि P म्हणजे जाहिरात. आणि समजा कुणाचे पैसे खरोखर चुकून आले, तरी आपण स्वतः परत पाठवायचे नाहीत. पाठवणाऱ्यानं त्याच्या बँकेत तक्रार करायची, बँक ते मार्गी लावते. पैसे घेण्यासाठी कधीही पिन लागत नाही. पिन मागितला, की पैसे जाणार किंवा परवानगी जाणार, एवढंच समजायचं.

आणि खरोखरच आपण न केलेल्या व्यवहाराचा debited मेसेज आला तर? तेव्हा घड्याळ सुरू होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना आपली ना बँकेची असेल आणि मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण बँकेला कळवलं, तर आपलं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार आपल्यावर येऊ शकतो. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. पण पिन किंवा ओटीपी आपण स्वतः कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलंच. कळवायचं ते कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर, आणि सायबर पोलिसांच्या १९३० या नंबरवरही. मेसेजमधल्या लिंकवर नाही. अण्णांनी हे दोन नंबर वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहून ठेवले आहेत.

अठरा तारखेला त्यांनी औषधांचे ६४० रुपये यूपीआयनं दिले. वहीप्रमाणे ३१,६३६ उरायला हवे होते. मेसेजमध्ये ३१,६१८ रुपये ३० पैसे होते. सतरा रुपये सत्तर पैशांचा फरक. बांधील काही नव्हतं आणि मधला कुठला मेसेजही आला नव्हता. काही बँका छोट्या रकमांचे मेसेज पाठवतच नाहीत, असं मी सांगितलं. अण्णांचं समाधान झालं नाही. दिवाणजीला सतरा रुपये सत्तर पैसेही झोपू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते शाखेत गेले आणि पासबुक भरून आणलं. फरक तिथे सापडला. पंधरा रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. तिमाहीचा एसएमएस सेवेचा आकार.

"मेसेज पाठवायचे पैसे घेतले," अण्णा फोनवर म्हणाले, "आणि घेतले त्याचाच तेवढा मेसेज पाठवला नाही!"

मग त्यांनी नावे रकान्यात १७.७० लिहिले, शिल्लक जुळवली आणि बरोबरची खूण केली.